पाच नमुने, एक रेषा: नॉर्मल समीकरणं येतात कुठून?

प्रश्न: सर, आमची वाशीम जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीन घेताना ओलावा मीटरवर पाहतो. मीटर कमी दाखवून राहिलं असा संशय आला, म्हणून पाच नमुन्यांचा ओलावा ओव्हनमध्ये काढला. मीटर: ९, १०, १२, १४, १५. ओव्हन: १०.१, १०.७, १२.९, १४.३, १५.५. आता रेषा बसवायची आहे. पुस्तकात Σy = na + bΣx आणि Σxy = aΣx + bΣx² अशी दोन समीकरणं नुसती देऊन टाकली आहेत. ही आली कुठून? यांनी चूक कमीत कमीच होते, जास्तीत जास्त नाही, हे कशावरून? आणि तापमानाचा तिसरा रकाना जोडला (सगळे नमुने ३२ अंशांवर मोजले) तर पायथॉन `Singular matrix` म्हणून अडते. काही समजून नाही राहिलं.

उत्तर:

तुमच्या तिन्ही शंका एकाच ओळीतून सुटतात, पण त्या ओळीपर्यंत जायला आधी एक सवय मोडावी लागेल. शाळेपासून आपण x आणि y यांना अज्ञात समजत आलो. इथे उलटं आहे. x म्हणजे मीटरचे पाच आकडे, y म्हणजे ओव्हनचे पाच आकडे, आणि हे दहाही आकडे तुमच्या वहीत लिहिलेले आहेत. ते आता हलणार नाहीत. हलणार आहेत ते a आणि b. रेषा y = a + bx अशी धरली तर a, b यांच्या प्रत्येक जोडीला एक रेषा मिळते, आणि प्रत्येक रेषेला पाच चुका मिळतात: r = y − a − bx. त्या चुकांच्या वर्गांची बेरीज म्हणजे S. तेव्हा S हे a आणि b यांचं फंक्शन आहे, आणि काम एवढंच की ते सर्वांत लहान करणारी जोडी शोधायची. रेषा बसवणं हा शब्दप्रयोग विसरा आणि a, b नावाची दोन बटणं फिरवून S खाली आणायचा आहे असं बघा.

फिरवूनच बघू. मीटर खरं बोलतं असं मानलं तर a = ०, b = १. चुका येतात १.१, ०.७, ०.९, ०.३, ०.५ आणि S = २.८५. सगळ्या चुका धन आहेत, म्हणजे तुमचा संशय खरा आहे, मीटर कमीच दाखवतं. मग कुणीही करेल ते करू: चुकांची सरासरी ०.७ आहे, ती a मध्ये टाकू. a = ०.७, b = १. आता चुका ०.४, ०, ०.२, −०.४, −०.२ आणि S = ०.४०. बरंच खाली आलो. पण याहून खाली जाता येतं का, आणि तळ कुठे आहे हे कसं कळायचं?

तळाची खूण अशी की तिथून कोणतंही बटण जरासं फिरवलं तरी S खाली जात नाही. a ला h एवढं वाढवा. पाचही चुका h ने कमी होतात. प्रत्येक (r − h)² उलगडून बेरीज केली की S मधला बदल मिळतो:

−२hΣr + ५h²

h अगदी लहान असेल, समजा ०.०१, तर h² त्याहून कितीतरी लहान, म्हणजे ०.०००१. त्यामुळे बदल खाली की वर हे पहिलं पद ठरवतं. Σr धन असेल तर h धन घेऊन S खाली नेता येतो, Σr ऋण असेल तर h ऋण घेऊन. दोन्ही वाटा बंद व्हायच्या असतील तर Σr शून्यच असायला हवं. आता b ला h ने वाढवा. या वेळी प्रत्येक चूक hx ने कमी होते, कारण b ला x ने गुणलेलं आहे. S मधला बदल:

−२hΣxr + h²Σx²

तोच युक्तिवाद, म्हणून Σxr = ०. डेरिव्हेटिव्ह घेऊन शून्य लिहितात ते हेच. पहिल्या पदातला h चा गुणक म्हणजेच डेरिव्हेटिव्ह.

आता r च्या जागी y − a − bx टाका. Σr = ० चं होतं Σy − na − bΣx = ०. Σxr = ० चं होतं Σxy − aΣx − bΣx² = ०. पुस्तकातली दोन समीकरणं हीच, फक्त पदं इकडची तिकडे केलेली. माझ्या मते ती या मूळ रूपातच लक्षात ठेवावीत: चुकांची बेरीज शून्य, आणि x ने गुणलेल्या चुकांची बेरीज शून्य. या रूपात ती तपासणीला कामी येतात, सूत्राच्या रूपात फक्त पाठ करायला.

मघाशी सरासरी टाकून केलेल्या दुरुस्तीकडे परत पाहा. चुका ०.४, ०, ०.२, −०.४, −०.२. बेरीज शून्य आहे, पहिली अट पाळली गेली. पण Σxr = ३.६ + ० + २.४ − ५.६ − ३.० = −२.६. कोरड्या नमुन्यांवर चूक धन, ओल्यांवर ऋण, म्हणजे चुकांमध्येच अजून एक उतार शिल्लक आहे, जो रेषेने उचलायला हवा होता. ऋण चिन्ह सांगतं की b कमी करा. दुसऱ्या अटीचा अर्थ एवढाच: चुकांमध्ये x शी जुळणारा कल उरता कामा नये. उरला, तर रेषेचं काम अपुरं राहिलं.

तुमचे आकडे घालू. Σx = ६०, Σx² = ७४६, Σy = ६३.५, Σxy = ७८५.४.

५a + ६०b = ६३.५
६०a + ७४६b = ७८५.४

पहिल्याला १२ ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं की २६b = २३.४, म्हणजे b = ०.९ आणि a = १.९. चुका ०.१, −०.२, ०.२, −०.२, ०.१. बेरीज शून्य. x ने गुणून बेरीज: ०.९ − २.० + २.४ − २.८ + १.५ = ०. S = ०.१४.

आता दुसरी शंका, तळ की माथा. ही रास्त आहे, कारण डेरिव्हेटिव्ह माथ्यावरही शून्यच असतं. बरीच पुस्तकं इथे दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा एक नियम ठोकून पुढे जातात. तुमच्या पाच नमुन्यांवर मात्र डेरिव्हेटिव्ह न घेताच उत्तर दाखवता येतं. मीटरच्या आकड्यांची सरासरी १२ आहे, ती प्रत्येकातून वजा करा. नवे आकडे u: −३, −२, ०, २, ३. रेषा y = c + bu अशी लिहा. c म्हणजे मीटर १२ दाखवत असतानाचा ओलावा, तेव्हा c = a + १२b. u ची बेरीज शून्य असल्यामुळे c आणि b यांचा गुणाकार असलेलं पद आपोआप गळून पडतं आणि S उलगडल्यावर एवढंच उरतं:

S = ८२७.६५ − १२७c + ५c² − ४६.८b + २६b²

यातला ८२७.६५ हा Σy² आहे. आता नववी-दहावीत केलेला पूर्ण वर्ग करा, c चा वेगळा आणि b चा वेगळा:

S = ०.१४ + ५(c − १२.७)² + २६(b − ०.९)²

या ओळीत सगळं आलं. वर्ग ऋण होत नाहीत, त्यामुळे c, b काहीही निवडा, S हा ०.१४ च्या खाली जाऊ शकत नाही. तो नेमका ०.१४ व्हायचा तर दोन्ही कंस शून्य व्हायला हवेत, म्हणजे c = १२.७ आणि b = ०.९. दुसरी जोडी नाही. माथा तर नाहीच, कारण c कितीही दूर न्या, S वाढतच जातो. आकार कढईसारखा आहे, तळ एकच. मघाचे प्रयोगही इथे पडताळून बघा: a = ०.७, b = १ म्हणजे c = १२.७, पहिला कंस शून्य, दुसरा २६ × ०.०१ = ०.२६, आणि ०.१४ मिळवून ०.४०. जुळलं.

२६ आणि ५ हे आकडेही बोलके आहेत. b ची किंमत ०.९ वरून हलवली तर S किती झपाट्याने चढतो हे २६ ठरवतो, आणि २६ म्हणजे Σu², तुमच्या नमुन्यांचा पसारा. नमुने ९ पासून १५ पर्यंत पसरलेले आहेत म्हणून कढईची ती बाजू खडी आहे. पाचही नमुने ११.५ ते १२.५ मध्येच घेतले असते तर हा आकडा फार तर १.२ झाला असता, बाजू जवळजवळ सपाट राहिली असती आणि b ची कितीतरी वेगवेगळी मूल्यं सारखीच चांगली वाटली असती. बाजार समितीच्या आवारात दिवसभर आलेल्या मालातून सरसकट पाच नमुने उचलले की नेमकं हेच होतं, कारण त्या दिवसाचा माल साधारण सारख्याच ओलाव्याचा असतो. मी कुणाचं मीटर तपासतो तेव्हा मुद्दाम एक खडखडीत वाळलेला आणि एक चांगला ओला नमुना मागवतो, तो याच कारणासाठी.

आता ती ओळ, जिच्यातून तिन्ही उत्तरं एकदम निघतात. रकाने दोन असोत की दहा, एकच मॅट्रिक्स A करा: पहिला रकाना नुसत्या १ चा, दुसरा मीटरचा, पुढे जे काही जोडाल ते. शोधायचे आकडे एका यादीत ठेवा, तिला p म्हणू. चुका r = y − Ap. p ला कोणत्याही दिशेने d एवढं हलवलं की:

S(p + d) = S(p) − २dᵀAᵀr + |Ad|²

मघाच्या h आणि h² चीच ही मोठी आवृत्ती आहे. फरक इतकाच की आता सगळी बटणं एकाच वेळी, कोणत्याही प्रमाणात फिरवायची मुभा आहे. मधलं पद प्रत्येक d साठी शून्य व्हायचं तर Aᵀr = ० हवं, म्हणजे A च्या प्रत्येक रकान्याने चुकांना गुणून केलेली बेरीज शून्य. r च्या जागी y − Ap टाकलं की AᵀAp = Aᵀy. ही झाली नॉर्मल समीकरणं, कितीही रकान्यांसाठी. शेवटचं पद |Ad|² ही वर्गांची बेरीज आहे, ऋण होऊच शकत नाही, म्हणून जिथे मधलं पद शून्य झालं तो तळच. तळ एकच आहे का? |Ad|² शून्य करणारा, स्वतः शून्य नसलेला एखादा d सापडला नाही, तर हो. सापडला, तर त्या दिशेने कितीही चाला, S तसाच राहतो.

तुमची तिसरी अडचण नेमकी या शेवटच्या वाक्यात बसते. तिसऱ्या रकान्यात पाचही ठिकाणी ३२ आहे. पहिल्या रकान्यात पाचही ठिकाणी १. तिसरा म्हणजे पहिल्याची ३२ पट. म्हणून तापमानाचा गुणक १ ने वाढवा आणि a मधून ३२ काढून घ्या, एकाही चुकीत तसूभर फरक पडणार नाही. तळ बिंदू न राहता अख्खी सरळ रेषा झाली. उत्तरं अगणित असताना पायथॉन एक कोणतं देणार? म्हणून `Singular matrix`. दोष प्रोग्रॅमचा नाही. ३२ अंशांवरच सगळं मोजल्यावर तापमानाचा परिणाम किती, हे त्या आकड्यांत लिहिलेलंच नाही. सूत्र ते कुठून काढणार?

ही चूक उघड आहे म्हणून बरी. याच्या शेजारचीच दुसरी फार फसवी असते. समजा दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळपासून मोजायला बसलात, कोरडे नमुने आधी घेतले, ओले शेवटी. दिवस तापत गेला आणि तापमानं आली २६, २७, २९, ३१, ३२. रकाना भरलेला, आकडे वेगवेगळे, दिसायला सगळं ठीक. पण प्रत्येक तापमान म्हणजे मीटर अधिक १७. तिसरा रकाना = दुसरा + १७ वेळा पहिला. पुन्हा तीच अडचण, फक्त डोळ्यांना न दिसणारी.

खऱ्या मोजणीत इतकं तंतोतंत जुळत नाही, आणि धोका तिथेच आहे. चौथ्या नमुन्याचं तापमान ३१ ऐवजी ३० लिहिलं गेलं असं धरा. आता मॅट्रिक्स अडत नाही, पायथॉन उत्तर देतं:

y = −३.५९ + ०.६१x + ०.३१t

तेच तापमान ३० ऐवजी ३२ लिहिलं असतं तर:

y = ६.९४ + १.२३x − ०.३१t

एका नमुन्याच्या तापमानात दोन अंशांचा फरक, आणि तापमानाच्या गुणकाचं चिन्हच उलटलं. दोन्ही वेळा S मात्र साधारण ०.०८ आहे, तापमानाशिवायच्या ०.१४ पेक्षा कमी! S कमी झाला म्हणजे रेषा सुधारली असं समजणारा माणूस इथे हमखास फसतो. डिसेंबरातल्या सकाळी, १५ अंशांवर, मीटरने १२ दाखवलं तर पहिलं समीकरण ओलावा ८.४ टक्के सांगेल आणि दुसरं १७.१. एकाने माल भरून टाकाल, दुसऱ्याने परत पाठवाल.

असं का होतं तेही |Ad|² वरूनच कळतं. तापमानाचा गुणक वाढवून मीटरचा गुणक तेवढाच कमी केला आणि a जुळवून घेतला, तर चार नमुन्यांच्या चुका जशाच्या तशा राहतात, फक्त चौथ्याची हलते. कढई त्या दिशेला अगदी उथळ आहे. मग तापमानाचा गुणक कोण ठरवतं? एकटा चौथा नमुना, स्वतःची चूक शून्य करून घेण्यासाठी. त्याच्या ओव्हनमधल्या दोन-तीन दशांशांच्या गडबडीला आपण तापमानाचा परिणाम म्हणून बसतो.

हे ओळखायचा माझा साधा उपाय: एका नमुन्याचा एक आकडा मोजणीत चुकू शकेल इतका हलवायचा आणि गणित पुन्हा चालवायचं. गुणक किंचित सरकले तर ठीक, कोलांटी मारली तर त्या गुणकावर भरवसा नाही. पायथॉनमध्ये `np.linalg.cond(A)` हाच इशारा एका आकड्यात देतं. तो फार मोठा आला तर सावध व्हा. मात्र आधी १ चा रकाना सोडून बाकीच्या रकान्यांतून सरासरी वजा करून घ्या, नाहीतर ३२ सारखे मोठे आकडे १ च्या शेजारी असल्यामुळेही तो फुगतो. आणि AᵀA केल्यावर तो आकडा वर्गात जातो, १,००० चे १०,००,००० होतात. म्हणून रकाने बरेच असतील तेव्हा AᵀA हाताने न बनवता `np.linalg.lstsq` वापरावं, ते A वरच काम करतं. पण त्याचीही एक खोड आहे. रकाने पूर्ण जुळलेले असले तरी ते अडत नाही, अगणित उत्तरांपैकी एक गुपचूप देऊन टाकतं. सोबत परत येणारा `rank` रकान्यांच्या संख्येपेक्षा कमी आहे का, ते बघायलाच हवं. एक्सेलचं `LINEST` अशा वेळी जास्तीच्या रकान्याचा गुणक ० करून टाकतं, आणि ते पाहून लोक समजतात की तापमानाचा परिणाम नाहीच.

दोनच रकान्यांसाठी मात्र थेट नॉर्मल समीकरणं सोडवायला काहीच हरकत नाही:

```python
import numpy as np
x = np.array([9, 10, 12, 14, 15])
y = np.array([10.1, 10.7, 12.9, 14.3, 15.5])
A = np.column_stack([np.ones(5), x])
a, b = np.linalg.solve(A.T @ A, A.T @ y)
r = y - a - b*x
print(a, b, A.T @ r)
```

शेवटी छापलेले दोन आकडे शून्याच्या अगदी जवळ हवेत, `1e-13` वगैरे. म्हणजे Aᵀr = ० पाळलं गेलं. आकडा याहून ठळक आला तर A चा एखादा रकाना किंवा r ची ओळ चुकली आहे.

परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, वर्गच का? लेजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी ही पद्धत छापली, तेव्हापासून तिचं मोठं आकर्षण हेच की वर्गाचा डेरिव्हेटिव्ह सरळ असतो, म्हणून शेवटी साधी एकसामयिक समीकरणं उरतात. पण वर्ग मोठ्या चुकीला फार वजन देतो. पाचव्या नमुन्याचा १५.५ चुकून १८.५ लिहिला गेला तर b थेट ०.९ वरून १.२५ होतो. वर त्या नमुन्याची चूक ३ न दिसता १.५ च्या आसपास दिसते, कारण रेषा त्याच्याकडे ओढली गेलेली असते आणि उरलेली चूक इतर नमुन्यांवर वाटली जाते. टोकाच्या नमुन्यांत ही ओढ सगळ्यांत जास्त, मधल्यात कमी. म्हणून टोकाचे दोन नमुने दोनदा वाळवावेत. चुकांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज कमी करण्याची पद्धतही आहे आणि एखाद्या बिघडलेल्या आकड्यापुढे ती सहसा अधिक टिकते, पण तिला असं एका दमात सुटणारं समीकरण नाही. पाच नमुन्यांत पद्धत बदलण्यापेक्षा आकडा पुन्हा तपासणं स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट y ची. आपण ओव्हनला खरं मानलं आणि सगळी चूक त्याच्या दिशेने मोजली, कारण मीटर वाचून ओव्हनचा आकडा सांगायचा आहे. पण ओव्हनचा आकडा कसा काढला? अख्खे दाणे १०३ अंशांवर ७२ तास ठेवायची पद्धत आहे. १५ ग्रॅम नमुना वाळून १३.०७ ग्रॅम राहिला तर घट १.९३ ग्रॅम. ती ओल्या वजनाने, म्हणजे १५ ने भागायची: १२.९ टक्के. सुक्या वजनाने भागली तर १४.८ येतात, आणि मग मीटर दोन-तीन टक्के कमी दाखवतं असा भलताच निष्कर्ष निघतो. बाजारातलं मीटर ओल्या वजनावरच टक्केवारी दाखवतं. तुमचे आकडे पाहता तुम्ही बरोबर भागलं असावं, तरी वही एकदा बघून घ्या. वाळवताना वेळ कमी पडला तर पाणी आत राहतं, ओव्हनचा आकडा कमी येतो, आणि ही चूक ओल्या नमुन्यांत जास्त असते. म्हणजे ती b मध्ये जाऊन बसते. ०.९ मधला ०.१ मीटरचा की ओव्हनचा, हे S सांगू शकत नाही.

तापमानाचा परिणाम खरंच हवा असेल तर तो रकाना मीटरच्या रकान्यापासून मुद्दाम सुटा करावा लागेल. प्रत्येक नमुना हवाबंद डब्यात भरून ठेवा. तोच डबा एकदा पहाटेच्या गारव्यात आणि एकदा दुपारी मीटरवर मोजा, दाणे त्या तापमानाला येईपर्यंत थांबून. हवेचं नाही, दाण्यांचं तापमान लिहा. मग कोरडा नमुना गार आणि गरम, ओला नमुना गार आणि गरम, अशा चारही जोड्या मिळतात आणि तापमानाचा कल मीटरच्या कलात मिसळत नाही. तुमच्या मीटरमध्ये तापमानाची दुरुस्ती आतच असेल तर गुणक शून्याजवळ येईल. तेही या वेळी विश्वास ठेवण्याजोगं उत्तर असेल.

तोवर तापमान सोडून द्या आणि y = १.९ + ०.९x वापरा, तेही मीटरच्या ९ ते १५ या टप्प्यातच. हमीभाव खरेदीतल्या १२ टक्क्यांच्या मर्यादेसाठी x = (१२ − १.९) / ०.९, म्हणजे पडद्यावर ११.२ दिसलं की खरा ओलावा १२ झाला. रेषेभोवती नमुने साधारण ०.२ ने इकडेतिकडे आहेत आणि नमुने मोजून पाच आहेत. तेव्हा पडद्यावर ११ ते ११.५ दाखवणाऱ्या मालाचा निकाल एकट्या मीटरवर लावू नका, त्यातले थोडे दाणे ओव्हनमध्ये टाका आणि तो आकडा याच वहीत सहावा नमुना म्हणून लिहा.